सातारा खोडून सांगली

कडेगावात राज्यसेवेचा अभ्यास करणाऱ्या माझ्या मावसभावाने एका सीनिअरची इतिहासाची वही झेरॉक्स करून आणली. अक्षर सुरेख, तारखा लाल चौकटीत. आता शाळेची पुस्तकं कशाला, म्हणाला. मी म्हटलं, एक प्रकरण ताडून बघू, मग ठरव. प्रकरण आमच्याच भागातलं निवडलं, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार.

वहीत ‘जिल्हा सातारा’ खोडून वर ‘सांगली’ लिहिलं होतं. पाठ्यपुस्तकात सातारा.

“दादा, पुस्तकच चुकलंय. कुंडल सांगलीत आहे, इथून जवळच तर आहे!”

वहीवाल्यालाही असंच वाटलं असणार. त्याने आजचा नकाशा मनात धरून 1943 चं वाक्य दुरुस्त केलं. तेव्हा सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं. खानापूर, तासगाव, वाळवा हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. संस्थानं विलीन झाल्यावर 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. कुंडल तर तेव्हा औंध संस्थानात होतं, त्यामुळे ‘कुंडल सांगलीत’ हा पुरावा इथे लागूच पडत नाही. अशी चूक पकडणं अवघड, कारण ती करणाऱ्याला गाव माहीत असतं. माझ्या मते परक्या मुलखाच्या प्रकरणापेक्षा आपल्या गावाचं प्रकरण जास्त काळजीने तपासावं.

भावाने मग मित्राची वही आणली. तिच्यातही सांगलीच. दोन वह्या एकच सांगतात म्हटल्यावर त्याला जोर आला. मी दोन्ही पानं शेजारी ठेवली. नानांचं गाव येडेमच्छिंद्र दोन्हीकडे सारख्याच चुकीने ‘येडमच्छिंद’ लिहिलेलं, आणि ‘पत्री सरकार’ दोन्हीकडे वेगळी चळवळ म्हणून खाली दिलेलं. खरं तर ते प्रतिसरकारचंच लोकांच्या तोंडी बसलेलं नाव. चुकासुद्धा जुळल्या की एक वही दुसरीवरून उतरवलेली समजायची. साक्षीदार दोन नाहीत, एकच.

वर्षाचं मात्र तसं नव्हतं. काही पुस्तकं 1942 देतात, काही 1943. ऑगस्ट 1942 च्या ‘चले जाव’ नंतर कार्यकर्ते भूमिगत झाले आणि कारभाराचं रूप पुढच्या वर्षी आलं. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ तुफान सेनेने सरकारी पगार नेणारी गाडी लुटली, ती याच काळात. सुरुवात कुठून धरायची यावर वर्ष बदलतं, म्हणून इथे खोडायचं काही नाही. वर्षापुढे पुस्तकाचं नाव आणि पान लिहायचं, एवढंच.

भावाने आता पेन्सिलीने खुणा ठरवल्यात. पुस्तकाशी जुळलं तर टिक, विरोधात गेलं तर फुली, पुस्तकात सापडलंच नाही तर गोल. फुल्यांचा निकाल पटकन लागतो. वेळ खातात ते गोल, आणि उजळणीला तो ते सध्या सोडून देतो.

वही परत करताना त्याने सांगलीवरची फुली सीनिअरला दाखवली. तो म्हणाला, “अरे, मीपण ती दुसऱ्याकडूनच उतरवलेली.”