भाचीच्या डोहाळजेवणाला मी शिवलेलं लोड

भाचीला सातवा लागला आणि ताईने पुण्यात डोहाळजेवणाचा घाट घातला. आहेर काय करायचा याची घरात चर्चा सुरू झाली, तेव्हा झबली, टोपडी, दुपटी, चांदीचा वाळा असं सगळं आधीच कुणी ना कुणी ठरवून ठेवलेलं होतं. पूर्वी बाळ घरात येईपर्यंत त्याच्यासाठी काही घ्यायचं नाही असा अनेक घरांचा दंडक होता आणि डोहाळजेवण सर्वस्वी त्या बाईचं असायचं. तिला हिरवी साडी नेसवायची, फुलांची वाडी भरायची, तिच्या जिभेला रुचेल ते रांधायचं. मला तसंच काहीतरी द्यायचं होतं, फक्त तिच्यासाठी.

काय द्यायचं ते तिनेच फोनवर नकळत सांगितलं. म्हणाली, "मावशी, दिवस कसाही जातो गं, पण रात्र नको वाटते. पाठीवर झोपलं की गरगरतं आणि कुशीवर झोपलं की कंबर धरते. उशा लावून लावून दमले."

पाठीवर झोपल्यावर गरगरण्याचं कारण तिच्या डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं. पोट मोठं झालं की गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याशेजारच्या मोठ्या नीलेवर येतो. पायांकडचं रक्त हृदयाकडे नेणारी हीच वाहिनी. ती दबली की रक्तदाब उतरतो, घाम फुटतो आणि बाळाकडे जाणारं रक्तही कमी होतं. म्हणून २८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवरच झोपायचं. आपल्याकडे डावी कूस चांगली म्हणतात, पण उजवीही चालते. मध्यरात्री जाग आल्यावर आपण पाठीवर आहोत असं दिसलं, तर घाबरायचं नाही, फक्त वळायचं.

कुशीवर झोपल्यावर कंबर का धरते, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. वरचा पाय आधाराशिवाय पुढे घसरतो आणि त्याच्याबरोबर कमरेचं हाड पिळलं जातं. गरोदरपणात सांधे आधीच सैल झालेले असतात, त्यामुळे हा पीळ जास्त जाणवतो. खाली लोंबणारं पोट पाठीला पुढे ओढतं ते वेगळंच. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईने मला गुडघ्यांत गोधडीची वळकटी दिली होती, तेवढ्यानेही केवढा फरक पडला होता. म्हणून ठरवलं की भाचीला तिच्या मापाचं लोड शिवून द्यायचं.

दुकानात इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या मोठ्या उशा मिळतात. मैत्रिणीकडे एक पाहिली होती. ज्यांचा पलंग ऐसपैस आहे त्यांना ती सोयीची पडते. भाचीचा पलंग पाच फुटी, त्यावर दोघं झोपणार, आणि रात्रीतून तीनदा-चारदा उठून बाथरूमला जाणाऱ्या बाईला त्या वेढ्यातून बाहेर पडणं जिकिरीचं. शिवाय दिवस एप्रिलचे. आतल्या कृत्रिम कापसाने पाठ घामाने भिजली असती. म्हणून मी तीन सुटे भाग करायचं ठरवलं: पुढे मिठीत घ्यायला लांब लोड, पोटाखाली छोटी पाचर आणि पाठीमागे बारीक तक्क्या.

साताऱ्यात आमच्या पेठेत गाद्या भरणारे एक पिंजारी चाचा आहेत. त्यांना साधा कापूस मागितला तर त्यांनी नीट विचारलं, कुणासाठी, कशासाठी. मग म्हणाले, "ताई, साधा कापूस घेऊ नका. एवढं लांब लोड साध्या कापसात चार किलोंच्या वर जाईल, पोटुशी बाई रात्री उचलणार कशी? सावरीचा घ्या." सावरीचा कापूस झाडावरच्या बोंडांतून निघतो. हाताला रेशमासारखा, वजनाला अगदी हलका आणि ओल सहजी धरत नाही. मी तीन किलो आणला. त्यातला अडीच किलोच्या आसपास लागला, उरलेला मुद्दाम पिशवीत बांधून ठेवला.

सावरीला दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. तिचे तंतू इतके निसटते असतात की साध्या कापडातून बाहेर येतात, म्हणून आतली खोळ घट्ट विणीच्या गादीपाटाचीच हवी. भरताना तोंडाला फडकं बांधायचं, नाहीतर नाकात बारीक तूस जाऊन शिंका थांबत नाहीत. दुसरं म्हणजे सावर भसकन पेट घेते. त्यामुळे त्या लोडाजवळ उदबत्ती, मच्छर अगरबत्ती काही ठेवायचं नाही, हे मी भाचीला पहिल्याच दिवशी बजावलं.

गादीपाट आधी धुऊन घेतला, म्हणजे तो आटायचा तो आटला आणि खळीचा वासही गेला. या दिवसांत नाकाला काय सोसेल सांगता येत नाही. म्हणून अत्तर, वाळा, लव्हेंडर असं काहीही मी आत घातलं नाही. भाचीची उंची पाच फूट दोन इंच. हनुवटीपासून घोट्याच्या थोडं खालीपर्यंत पुरेल असं साडेचार फुटी लोड तिला बरोबर झालं असतं. त्यासाठी कापड छप्पन्न इंच लांब आणि तीस इंच रुंद कापलं. शिवून भरल्यावर जाडी नऊ इंचांच्या आसपास आली, अंग टाकलं की ती दबते.

खरी खुबी आतल्या कप्प्यांत आहे. अखंड नळीत कापूस भरला तर गुडघ्यांच्या दाबाने तो दोन्ही टोकांना पळतो आणि जिथे आधार हवा तिथेच लोड रिकामं पडतं. म्हणून आत दोन आडवे पडदे शिवून तीन कप्पे केले. वरचा कप्पा हातांखाली येतो, तो मऊ भरला. मधला गुडघ्यांत येतो, तो टणक. खालचा घोट्यांचा, तो मध्यम. प्रत्येक कप्प्याला वीतभर तोंड ठेवून ते हातटाक्याने बंद केलं, म्हणजे पुढे उसवून भरणं कमी-जास्त करता येईल.

पाचर चौदा इंच लांब, दहा इंच रुंद, एका कडेला तीन इंच उंच आणि दुसरीकडे उतरत सपाट. तक्क्या दोन फुटांचा, सहा इंच जाड. बाहेरचे अभ्रे ताईच्या जुन्या सुती साड्यांचे शिवले. वर्षानुवर्षं धुऊन मऊ पडलेल्या सुताइतकं गार दुसरं काही लागत नाही. चेन लोडाच्या तळाच्या टोकाला लावली, अंगाला टोचेल अशा बाजूला नाही. अभ्र्यांचे दोन जोड केले, एक धुवायला गेला तरी दुसरा हाताशी राहावा म्हणून.

डोहाळजेवणाच्या दिवशी ओटी भरून झाली, पेढा-बर्फीच्या वाट्या उघडून झाल्या, आणि भाची झोपाळ्यावर बसून बसून अवघडली. तेव्हाच मी तक्क्या काढून तिच्या कमरेच्या खोलगट भागात सरकवला. तिने मान मागे टाकली आणि म्हणाली, "हा आता इथून काढू नका." फुलांच्या दागिन्यांसकट ती पुढचा तासभर तशीच बसली. तिच्या सासूबाईंनी लोड हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "आमच्या वेळी असं कुणाला सुचलं नाही हो."

त्या रात्री मी तिथेच राहिले, कारण लोड दिलं की काम संपत नाही, ते अंगाला बसवावं लागतं. तिला डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघे थोडे दुमडले, लोड मिठीत दिलं आणि जावईबापूंना तिच्या पाठीमागे उभं करून दाखवलं की काय बघायचं. वरचा गुडघा आणि वरचा घोटा एका पातळीत हवेत. घोटा खाली लोंबत असेल तर पाय पिळतो आणि सकाळी खुब्यात कळ येते. तिचा घोटा लोंबत होता, म्हणून लोड बोटभर खाली ओढलं. उलट गुडघा फार वर उचलला गेला असेल तर वरच्या खुब्यावर ताण येतो. तिला तो जाणवला. मधला कप्पा उसवून दोन मुठी कापूस काढला, पुन्हा टाके घातले, मग ती म्हणाली, "आता पाय आहे की नाही तेच कळत नाही."

पाचरीची पातळ कड आधी पोटाखाली सरकवायची आणि पोट टेकलं की थांबायचं. पोट वर ढकललं जात असेल तर पाचर जास्त आत गेली. पाठीमागचा तक्क्या चिकटवून नाही, दोन बोटं अंतर सोडून ठेवायचा. झोपेत मागे कलंडली तर तो तिला तिरकं अडवतो, पूर्ण पाठीवर जाऊ देत नाही.

आठवड्याने तिचा फोन आला. कंबर सकाळी हलकी असते, बाथरूमला उठल्यावर परत झोप लागते. छातीतली जळजळ मात्र होतीच, कारण तिचा लोडाशी संबंध नाही. त्यासाठी डोक्याकडची बाजू उंच करायची आणि रात्रीचं जेवण लवकर घ्यायचं. झोप न येण्यामागे दुसरंही काही असू शकतं, हेही मी तिला सांगून ठेवलं होतं. रात्री तळहात-तळपाय खूप खाजू लागले, किंवा चेहरा-हात एकाएकी सुजले, डोकं दुखलं, डोळ्यांसमोर अंधुक झालं, तर उशा लावत बसायचं नाही, थेट डॉक्टरांना गाठायचं.

बाळ झाल्यावर तेच लोड तिने दूध पाजताना कोपराखाली घेतलं. पण बाळाला त्यावर किंवा त्याच्या शेजारी झोपवायचं नाही, हे मी दोघांनाही निक्षून सांगितलं. एवढं मऊ लोड तान्ह्याच्या नाकातोंडावर आलं तर जीव गुदमरतो. लोडाची निगा म्हणाल तर, सावर दबून बसते, म्हणून दर पंधरा दिवसांनी कोवळ्या उन्हात तासभर ठेवून हाताने फुलवायची.

लोड शिवून द्यायचं मनात असेल, तर आधी तीन गोष्टी विचारून घ्या: तिची उंची, पलंगाची रुंदी आणि तिला कुठे दुखतं. सातव्यातलं डोहाळजेवण ही त्यासाठी नेमकी वेळ आहे, कारण कुशीवर झोपायची गरज त्याच सुमाराला सुरू होते आणि पुढचे दोन-अडीच महिने ते रोज वापरलं जातं. बाळाला लागणारं सगळं बारशाला देता येतं. आईच्या या रात्री बारशापर्यंत थांबत नाहीत, म्हणून तिचा आहेर आधी द्यावा असं मला वाटतं.