सही रे सही, पण कुठली?

प्रत्येक घरात एक ‘फॉर्म डिपार्टमेंट’ असतं. आमच्या घरात ते मी आहे. नोकरी पुण्यात, बाबा रत्नागिरीत, आणि मधे व्हॉट्सअ‍ॅप. बँकेचा, पेन्शनचा, सोसायटीचा कुठलाही पीडीएफ आला, की तो आधी माझ्या फोनवर येतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, ‘‘हे काय असतं गं?’’

या वेळचं प्रकरण केवायसीचं होतं. बँकांना ग्राहकाची माहिती ठरावीक काळाने ताजी करून घ्यावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कमी जोखमीच्या ग्राहकाची दर १० वर्षांनी, मध्यम जोखमीच्या ग्राहकाची ८ आणि जास्त जोखमीच्या ग्राहकाची २ वर्षांनी. बाबांची १० वर्षं भरली होती, शिवाय मधल्या काळात घर बदललं होतं. बँकेचा मेल आला : सोबतचा फॉर्म भरून, सही करून, ई-आधार जोडून नोंदवलेल्या ईमेलवरून पाठवा, नाहीतर १० तारखेनंतर खात्यातले व्यवहार थांबतील. बाबांची पेन्शन त्याच खात्यात येते. म्हणजे टेन्शन फुकटचं नव्हतं.

माझा आत्तेभाऊ शेजारीच राहतो. त्याने हौसेने सगळं एका संध्याकाळी उरकून टाकलं. फॉर्म भरला, बाबांची सही बोटाने काढून घेतली, ई-आधारचा पासवर्ड काढून टाकला, दोन्ही फाइल जोडून एक केली आणि पाठवली. तिसऱ्या दिवशी बँकेचं उत्तर : सही जुळत नाही, फॉर्ममधले काही रकाने कोरे आहेत, आणि आधारवर डिजिटल सही नाही. ‘‘कोरे कसे? मी स्वतः भरलेत!’’ दादा चिडला. त्याचं खरं होतं आणि बँकेचंही खरं होतं. गंमत तिथेच आहे.

म्हणून मी बाबांना व्हिडीओ कॉल लावला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

कोरा फॉर्म ओळखा

पीडीएफ फॉर्म दोन जातींचे असतात. एकात रकान्यावर बोट ठेवलं की कर्सर येतो आणि कीबोर्ड उघडतो. तो भरण्यासाठीच बनवलेला फॉर्म. दुसरा नुसता कागदाचा फोटो. कितीही टॅप करा, काही होत नाही. बाबांचा फॉर्म दुसऱ्या जातीचा होता. अशा वेळी पीडीएफ अ‍ॅपमधलं Fill & Sign सारखं साधन घ्यायचं. त्यात हवं तिथे टॅप करून अक्षरं वर ‘ठेवता’ येतात.

खाते क्रमांकाच्या चौकोनांनी सगळ्यात जास्त छळलं. सलग टाइप केलं तर अकरा आकडे आठ चौकोनांतच बसतात. काही अ‍ॅप्समध्ये आकडे समान अंतरावर पसरवण्याची सोय असते. ती नसेल तर पान झूम करून एकेक आकडा ठेवायचा. वेळ जातो, पण आकडा रेघेवर चढला की वाचणारा चुकतो.

आणि पत्ता मराठीत लिहायचा मोह आवरा. बऱ्याच पीडीएफ अ‍ॅप्सना देवनागरी नीट जुळवता येत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं फुटतात, कधी नुसते चौकोन उमटतात. तुमच्या फोनवर बरं दिसलं तरी बँकेच्या कॉम्प्युटरवर ‘रत्नागिरी’चं काय होईल सांगता येत नाही. बँकेचा फॉर्म इंग्रजी कॅपिटलमध्ये चालत होता, तसाच भरला. फॉर्म मराठीतच हवा असेल, तर प्रिंट काढून पेनाने भरावा आणि स्कॅन करावा. त्यात कमीपणा काही नाही.

सही बोटाने नको

बँकेकडे बाबांच्या सहीचा नमुना आहे, खातं उघडलं तेव्हाचा, शाईच्या पेनाने केलेला. काचेवर बोटाने काढलेली सही त्याच्याशी जुळणार कशी? बोटाला पेनाचा दाब नसतो, वळणं गोल होतात, शेवटचा झटका हरवतो.

उपाय साधा. कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने नेहमीसारखी सही करायची. खिडकीजवळ, हाताची सावली न पडता, फोन सरळ वर धरून फोटो काढायचा. सही तयार करताना अ‍ॅप ‘काढा’ की ‘फोटो घ्या’ असं विचारतं, तिथे फोटो निवडायचा. मग ती सही रेघेवर ठेवायची, कागदावर असते तेवढ्याच आकाराची. खालच्या ‘कार्यालयीन उपयोगासाठी’ चौकटीत ती घुसू द्यायची नाही.

बाबा म्हणाले, ‘‘अगं, मी फोटो पाठवतो, तूच चिकटव की. मला ते खालीवर करायला जमत नाही.’’

‘‘बाबा, सही तुमची आहे. ती तुमच्याच फोनवर, तुमच्याच हाताने लागेल. मी फक्त बघते.’’

थोडी कुरकुर झाली. पण हा हट्ट नव्हता. चिकटवलेली सही म्हणजे शेवटी एक चित्र. ज्याच्याकडे ते चित्र, तो ते कुठल्याही कागदावर ठेवू शकतो. म्हणून ते फॅमिली ग्रुपवर फिरायला नको, गॅलरीत पडून राहायला नको. काम झालं की फोटो डिलीट. शिवाय सहीखाली तारीख आणि ‘फक्त केवायसीसाठी’ असं टाइप केलं, म्हणजे तेच पान दुसरीकडे वापरणं जरा अवघड होतं.

मग बँक असल्या चित्रावर विश्वास ठेवते तरी कशी? खरं तर ती नुसत्या चित्रावर ठेवत नाही. मेल नोंदवलेल्या पत्त्यावरून आला, नोंदवलेल्या नंबरवर फोन करता येतो, सही नमुन्याशी जुळते, या सगळ्यांवर मिळून ठेवते. म्हणूनच मेल माझ्या नव्हे, बाबांच्या ईमेलवरून गेला.

भरलेलं कोरं कसं होतं?

आता दादाच्या ‘कोऱ्या’ रकान्यांचं रहस्य. फोनवर आपण जे टाइप करतो, ते कित्येकदा पानात मुरत नाही. पानावर ठेवलेल्या पारदर्शक कागदासारखा तो वेगळा थर राहतो. एक अ‍ॅप तो थर दाखवतं, दुसरं दाखवत नाही. दादाच्या फोनवर फॉर्म भरलेला होता, बँकेच्या स्क्रीनवर कोरा!

यावर इलाज म्हणजे पान ‘प्रिंट’ करायचं, पण कागदावर नाही. अँड्रॉइडवर Print दाबून प्रिंटरच्या जागी Save as PDF निवडायचं. आयफोनवर Print दाबून दिसणारं छोटं पान दोन बोटांनी मोठं करायचं आणि तिथून शेअर करून सेव्ह करायचं. नवीन फाइलमध्ये सगळे थर एकजीव होतात. खात्री करायची असेल तर ती फाइल दुसऱ्याच अ‍ॅपमध्ये किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. अक्षरं तिथेही दिसली, की झालं. बाबांनी फाइल मला पाठवली, मी ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडली. सगळं जागेवर.

आणि या फाइलला हात लावू नका!

बाबांना वाटलं, आता आधारलाही हाच फंडा. नाही! इथे नेमकं उलटं आहे, आणि दादाची तिसरी विकेट इथेच पडली होती.

यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो : नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. नाव मधुकर आणि जन्म १९५६ असेल तर MADH1956. बँकेला पासवर्डची कटकट नको, म्हणून दादाने ती फाइल उघडून Save as PDF केली. पासवर्ड गेला, पण त्याच्याबरोबर डिजिटल सहीही गेली.

कारण ही सही चित्र नाही. ती फाइलच्या मजकुरावरून केलेला गणिती हिशेब आहे, आणि तो फाइलच्या पोटात असतो. पुन्हा ‘प्रिंट’ केलं, साइज कमी केली किंवा दुसऱ्या फाइलला जोडलं, की नवीन फाइल तयार होते आणि त्यात तो हिशेब नसतो. दिसायला पान हुबेहूब तसंच, सहीची चौकटसुद्धा तशीच, पण आता ते फक्त सहीचं चित्र. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ई-दस्तऐवज मूळ कागदाच्या बरोबरीचा धरला जातो तो वैध डिजिटल सही असली तरच. म्हणून बँकेने परत पाठवला.

ओळखायचं कसं? कॉम्प्युटरवर अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडा. खरी सही असेल तर तिच्यावर क्लिक केल्यावर माहिती उघडते. गेलेली असेल तर क्लिक करूनही काही होत नाही. Validity Unknown आणि पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नका. त्याचा अर्थ सही खोटी असा नाही, तर त्या कॉम्प्युटरला भारताच्या सीसीएचं प्रमाणपत्र अजून ओळखीचं नाही, एवढाच. सहीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ते विश्वासू यादीत घातलं, की हिरवी खूण येते. फोनवरच्या बहुतेक अ‍ॅप्समध्ये ही तपासणी होतच नाही, म्हणून ‘फोनवर तर ठीक दिसतंय’ या वाक्याला अर्थ नाही.

आधारच्या ओटीपीने होणारी ई-साइन याच कुळातली. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली ती २०१५ पासून चालते. असा ई-साइन केलेला पीडीएफ आला आणि पोर्टल म्हणालं ‘साइज कमी करा’, तर कमी केलेली प्रत हे तुमचं झेरॉक्स समजा आणि मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवा. क्रम नेहमी असा : आधी भरा, मग एकजीव करा, साइज कमी करा आणि सगळ्यात शेवटी ई-साइन. त्यानंतर हात जोडा!

बाबांच्या मेलला शेवटी दोन वेगळ्या फाइल लागल्या. एक एकजीव केलेला फॉर्म, दुसरी न छेडलेलं ई-आधार, पासवर्डसकट. पासवर्ड मेलमध्ये न लिहिता बँकेचा फोन आल्यावर सांगितला. ८ तारखेला केवायसी अपडेट झाल्याचा एसएमएस आला.

बाबांना आता एवढा आत्मविश्वास आलाय, की परवा म्हणाले, ‘‘मृत्युपत्रपण असंच फोनवर करून टाकू का?’’ नाही बाबा. मृत्युपत्राला इलेक्ट्रॉनिक सही कायद्यातच चालत नाही. तिथे कागद, पेन आणि दोन साक्षीदार. आणि त्यासाठी मी पुण्याहून येते, घाई नाहीये.