साक्ष कोणाची? आपत्ती, अत्याचार आणि आपले पत्रकार

अत्याचाराची बातमी आली की आपल्यातले चार-पाच जण गाडी काढून त्या गावात जातात. हातात मोबाइल असतो. कुणाचं यूट्यूब चॅनेल असतं, कुणी तालुक्याच्या दैनिकाला बातम्या पाठवतो, कुणी सत्यशोधन समितीत असतो. मुख्य माध्यमं पोचायच्या आधी पीडित कुटुंबासमोर बहुतेक वेळा आपलीच पोरं बसलेली असतात. या पोरांना मुलाखत कशी घ्यायची आणि ती घेऊन घरी आल्यावर स्वतःला कसं सांभाळायचं, हे कुणी शिकवत नाही. त्याची किंमत पीडित माणूस, त्याचा खटला आणि आपला कार्यकर्ता असे तिघंही मोजतात. हा लेख त्याबद्दल आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप आधीच घेते. “आपण कॅमेरा धरला नसता तर खैरलांजी जगाला कळली असती का?” नसती कळली. 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं गेलं, आणि मोठ्या माध्यमांना त्याची नीट दखल घ्यायला कित्येक आठवडे लागले. ती बातमी चळवळीनं लावून धरली. पण त्याच खैरलांजीत जिवंत राहिलेल्या भैयालाल भोतमांगे यांना जानेवारी 2017 मध्ये मृत्यू येईपर्यंत, दहा वर्षांहून अधिक काळ, तीच कहाणी कितीदा सांगावी लागली याचा हिशेब आपण कधी मांडला का? साक्ष हवीच. ती घेण्याची पद्धत कशी असावी, हा माझा प्रश्न आहे.

ही पद्धत मी पहिल्यांदा नीट पाहिली ती अत्याचाराच्या प्रकरणात नाही, महापुरात. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 फूट आहे. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसं बुडाली. त्यात बायका-मुलं जास्त होती. त्या काळात मी एका शाळेतल्या निवारा छावणीत काम करत होते. तिथं घरातलं माणूस पुरात गमावलेली एक बाई होती. तिचं गाव मी मुद्दाम सांगत नाही.

एका दिवसात दुपारपर्यंत तिच्याकडे चार कॅमेरे येऊन गेले. चौघांनी एकच विचारलं, “नेमकं काय झालं, सुरुवातीपासून सांगा.” पहिल्यांदा ती म्हणाली, पाणी पहाटे आलं. दुसऱ्यानं “म्हणजे चारला?” असं विचारल्यावर ती “व्हय, चारलाच” म्हणाली. तिसऱ्याला तिनं स्वतःहून चार सांगितलं. चौथ्यासमोर तिचा आवाज सपाट झाला होता, नजर एका जागी खिळली होती, आणि ती “पाणी येतंय, हात सुटतोय” असं बोलत होती. घडून गेलेली गोष्ट ती आत्ता घडत असल्यासारखी सांगत होती. कॅमेरावाल्याला वाटलं, जबरदस्त बाइट मिळाला. खरं तर तिथं मुलाखत थांबवायची असते.

जबर धक्क्याची आठवण तुकड्यातुकड्यांत साठते. वास, आवाज, एखादं दृश्य लख्ख राहतं, पण क्रम आणि वेळ पुसट होते. आपण “मग? त्यानंतर? किती वाजता?” असा रेटा लावला की माणूस समोरच्याला बरं वाटावं म्हणून, किंवा स्वतःलाच नीट कळावं म्हणून, मोकळ्या जागा भरत जातो. तो खोटं बोलत नसतो. महापुरात यानं फारसं बिघडत नाही. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात मात्र सगळं बिघडू शकतं. साक्षीदाराचं आधीचं बोलणं समोर ठेवून त्याला उलटतपासणीत खोडायची मुभा पुरावा कायद्याच्या जुन्या कलम 145 मध्ये होती, नव्या कायद्यातही आहे. ध्वनिमुद्रण त्यासाठी वापरता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं अर्ध्या शतकापूर्वीच मान्य केलंय. म्हणजे तिसऱ्या दिवशी आपण काढलेली क्लिप तीन वर्षांनी आरोपीच्या वकिलाच्या हातात असते. “तेव्हा तुम्ही चार वाजता म्हणालात, आज सहा म्हणता?” जातीय अत्याचारात आरोपी सुटण्याची कारणं अनेक आहेत. त्यात आपण आपल्या हातानं एक घालू नये.

आता त्याच दिवशी संध्याकाळी काय झालं ते सांगते. तालुक्याला बातमीदारी करणारा एक मुलगा आला. ओळीवर पैसे मिळणारा, स्वतःच्या घरात पाणी शिरलेला. त्यानं मोबाइल खिशात ठेवला आणि सतरंजीवर तिच्या बाजूला, दाराची वाट मोकळी सोडून बसला. “मावशी, मी अमुक पेपरचा. तुम्ही सांगाल ते छापून येईल, मोबाइलवरही फिरेल, आणि एकदा फिरलं की मला परत घेता येणार नाही. नाही सांगितलंत तरी चालेल. मदतीच्या यादीशी माझा संबंध नाही.” शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. छावणीत धान्याची पिशवी देणारा आणि मुलाखत मागणारा एकच असेल, तर “हो” या शब्दाला अर्थ राहत नाही. आपल्या संघटनांनी एवढं तरी पाळावं. किट वाटणारा वेगळा, कॅमेरा धरणारा वेगळा.

त्यानं पहिला प्रश्न त्या दिवसाचा विचारला. “रात्री झोप लागली का? सोबत कोण हाय?” मग म्हणाला, “तुम्हाला जिथनं सांगावंसं वाटतंय तिथनं सांगा. मध्येच थांबायचं असलं तर हात वर करा.” तिनं बुडालेल्या माणसाबद्दल एक शब्द काढला नाही. ती दोन शेळ्यांबद्दल बोलली, ओल्या कागदपत्रांबद्दल बोलली, आणि तलाठी पंचनाम्याला कधी येणार हे तिनं विचारलं. “आठवत नाही” म्हणाली तिथं त्यानं वहीत “आठवत नाही” असंच लिहिलं. “आधीच का बाहेर पडला नाहीत?” हे त्यानं विचारलं नाही, कारण “का” हा शब्द अशा वेळी आरोपासारखा लागतो. एकदा तिचा श्वास भरभर चालू लागला. त्यानं वही मिटली, पाणी दिलं, म्हणाला, “मावशी, आपण शाळेत हाय. बाहेर पोरं खेळायलीत, ऐकू येतंय का?” तिनं मान हलवली. तो पुढं घडलेल्या घटनेकडं वळलाच नाही. रात्री कोण स्वयंपाक करणार, लेक कधी येणार, असं बोलत त्यानं संपवलं. उठण्याआधी लिहिलेलं वाचून दाखवलं आणि स्वतःचा नंबर दिला. वीसेक मिनिटांत सगळं उरकलं. चारही चॅनेलना मिळालं नाही ते, म्हणजे पंचनाम्याचा प्रश्न, त्याला मिळालं.

पद्धत इतकीच आहे. सुरुवात, थांबा आणि शेवट तिच्या हातात. ज्याच्यावर जुलूम झाला त्याच्या हातून सगळं निसटलेलं असतं. मुलाखतीत तरी थोडं परत द्यावं. लैंगिक अत्याचार असेल तर ओळख उघड करणं गुन्हाच आहे. पूर्वीचं कलम 228अ, आता न्याय संहितेचं कलम 72, आणि मुलांसाठी पोक्सोचं कलम 23. “गावाचं नाव नाही, पण घर दाखवलं” ही पळवाट चालत नाही. लहान मुलांना घटनेबद्दल विचारूच नये, तो अनुभव असलेल्या समुपदेशकाचा प्रांत आहे.

आता त्या मुलाकडं वळू. पुढच्या आठवड्यात तो भेटला तेव्हा जेवत नव्हता. चिखलाचा वास नाकातून जात नाही म्हणाला. त्यानं प्रेतं पाहिली होतीच, पण त्याहून जास्त वेळा ती मोबाइलवर पाहिली होती. गटागटांतून येणारे फोटो खरे की जुने, हे तपासायचं काम त्याच्याकडं होतं. बातमीदाराला याचा त्रास होतो हे आता वैद्यकशास्त्रही मान्य करतं. 2013 साली आलेल्या अमेरिकन मनोविकार निकषांत, कामाचा भाग म्हणून भीषण तपशिलांना वारंवार सामोरं जाणं हे आघाताचं कारण धरलंय, मग ते पडद्यावर का असेना. अँथनी फाइनस्टाइन यांनी 2014 मध्ये वृत्तकक्षात हिंसेची दृश्यं पाहणाऱ्या पत्रकारांचा अभ्यास केला. त्यात दिसलं, की एका बैठकीत किती तास पाहिलं यापेक्षा किती वारंवार पाहिलं याचा त्रासाशी संबंध जास्त आहे. म्हणजे दर दहा मिनिटांनी गट उघडणं जास्त घातक. उपाय साधे आहेत. तपासायची दृश्यं दिवसातून ठरलेल्या एक-दोन वेळीच पाहा. पहिल्यांदा आवाज बंद ठेवा, चित्र लहान ठेवा. एकानं पाहिलं की वर्णन लिहून ठेवा, म्हणजे पाच जणांना उघडावं लागणार नाही. अंथरुणात पाहू नका. आणि प्रेताचे फोटो “जागृतीसाठी” पुढं ढकलू नका.

गावात जाताना दोघं जा. एकानं विचारावं, दुसऱ्यानं पीडिताकडं आणि विचारणाऱ्याकडंही लक्ष ठेवावं. परत एकत्र या. बोलावंसं वाटलं तर बोला, पण रात्री गोल करून प्रत्येकाला “मन मोकळं कर” असं बळजबरीनं बोलतं करू नका. अशा एका बैठकीच्या उपचारानं फायदा होत नाही, काहींना अपायही होतो, हे अभ्यासांतून दिसलंय. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झोप मोडणं, चिडचिड, दचकणं स्वाभाविक आहे, बहुतेकांचं ओसरतं. महिना उलटूनही तीच स्वप्नं पडत असतील, त्या गावचा रस्ता टाळावासा वाटत असेल, दारू वाढली असेल, किंवा काहीच वाटेनासं झालं असेल, तर डॉक्टर गाठा. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. आपल्यातले बरेच जण अशा वेळी ध्यानाला बसायला सांगतात. ताज्या आघातात डोळे मिटून तासभर बसलं की तीच दृश्यं उसळून येऊ शकतात. तेव्हा डोळे उघडे ठेवून चाला, पाय जमिनीला लागतात तिकडं लक्ष द्या. लांबलचक बैठक नंतर, जाणत्या आचार्यांना विचारून.

एक गोष्ट मात्र कुठल्याच बाहेरच्या पुस्तिकेत नसते. पुराची बातमी देणारा चार दिवसांनी दुसऱ्या बातमीवर जातो. जातीय अत्याचाराची बातमी देणारा आपला पोरगा त्याच जातीचा असतो, तशाच वस्तीत राहतो. मेलेल्याच्या जागी त्याला आपला भाऊ दिसतो. त्याला बातमीतून बाहेर पडायला जागाच नसते. म्हणून सुट्टी ही त्याची वैयक्तिक बाब धरू नका, संघटनेचा नियम करा. सलग दोन अत्याचारांच्या गावी एकच माणूस जाणार नाही. जो गेला त्याचा खर्च संघटना देईल. आणि महिन्यानं त्याला एक फोन करायची जबाबदारी नाव लिहून कुणावर तरी टाकलेली असेल. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एवढे तीन ठराव घ्या.

31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला तेव्हा आपल्याकडं वार्ताहर मोजकेच होते. आज खिशाखिशात कॅमेरा आहे. त्यासमोर बसलेल्या माणसानं हात वर केला, तर तो बंद करता आला पाहिजे.

जय भीम.