गाठीपाशी थांबणारा कोयता

‘वू वेइ’ हा चिनी शब्द मला प्रथम एका पुस्तकात भेटला, तेव्हा मी त्याचा अर्थ चुकीचा लावला. ‘वू’ म्हणजे नाही आणि ‘वेइ’ म्हणजे करणे, एवढे समजल्यावर ‘काही न करणे’ असा सरळ अनुवाद मनात तयार झाला. शेतीची, शाळेची आणि घरची कामे ज्यांच्या मागे लागलेली आहेत, त्यांना असा उपदेश करणे ही थट्टाच आहे, असे वाटून मी ते पुस्तक मिटले. त्या शब्दाचा खरा अर्थ मला पुढे सावलीतच कळला, आणि तो शिकवणाऱ्या माणसाने लाओ त्झू किंवा चुआंग त्झू ही नावेही ऐकलेली नव्हती.

मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सावली लागते. भाताच्या बांध्या, माजी मालगुजारी तलाव आणि त्यांच्या पलीकडे बांबूचे जंगल, असा हा मुलूख आहे. गावातल्या एका वृद्ध बुरडाकडे मी सूप घ्यायला गेलो होतो. सूप तयार नव्हते, म्हणून त्यांनी मला बसवून ठेवले आणि हिरवा बांबू फाडायला घेतला. बसल्या बसल्या मीही हात चालवावा म्हणून दुसरा बांबू मागितला. टोकावर कोयता ठेवला आणि वरून लाकडाने दणादण ठोकू लागलो. पहिली दोन पेरे फाटली. तिसऱ्या पेरात भेग एका कडेला सरकू लागली आणि चौथ्यात ती कडेतून बाहेर पडली. माझ्या हातात एक निरुपयोगी काडी आली, आणि उरलेला बांबू वाया गेला.

“सर, तुमी बांबूले मारता,” बाबाजी म्हणाले. “बांबू मारून नाही फाटत. पाहून फाटते.”

त्यानंतर तासभर मी फक्त पाहिले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मुख्यतः जो बांबू वाढतो, त्याची भिंत जाड असते. काही बांबू तर जवळजवळ भरीव असतात. त्याचे तंतू पेराच्या लांबीत सरळ उभे धावतात, परंतु गाठीपाशी ते वळतात आणि एकमेकांत गुंततात. बांबू फाडणाऱ्याचे सारे ज्ञान या एका गोष्टीभोवती फिरते. बाबाजींनी कोयता बरोबर मध्यावर टेकवला, एकच ठोका दिला आणि पाते आत शिरल्यावर ठोकणे थांबवले. मग त्यांनी पाते किंचित पिळले. भेग आपोआप पुढच्या गाठीपर्यंत धावत गेली. तिथे ते थांबले, बांबू फिरवून पाहिला, पाते गाठीत हळूच सरकवले आणि पुन्हा पिळले. टणत्कार झाला, आणि पुढचे पेर उघडले.

माझी भेग कडेला का गेली, हेही त्यांनी दाखवले. दोन्ही बाजू सारख्या जाडीच्या असतील, तरच भेग मध्यातून चालते. एक बाजू पातळ राहिली की भेग तिच्याकडेच झुकत जाते आणि शेवटी तिला तोडून बाहेर पडते. अशा वेळी नवशिका माणूस कोयता जोराने उलट वळवतो आणि बांबू बिघडवतो. जाणता माणूस पाते तसेच ठेवून जाड बाजू हाताने बाहेरच्या अंगाला वाकवतो. जी बाजू अधिक वाकते, तिच्याकडे भेग सरकते आणि हळूहळू मध्यावर परत येते. म्हणूनच बांबूचे आधी दोन, मग चार, मग आठ असे समान भाग करत जायचे. एकदम एक बारीक काडी कडेने काढायची नाही. अखेरीस आतला मऊ गाभा काढून टाकला की वरच्या चिवट सालीच्या पट्ट्या विणायला उरतात.

घरी आल्यावर मी ते मिटलेले पुस्तक पुन्हा उघडले. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या चुआंग त्झूच्या नावाने जो ग्रंथ प्रसिद्ध आहे, त्यात डिंग नावाच्या एका खाटकाची कथा येते. वेनहुई या सरदारासमोर तो बैल कापतो आणि त्याचे हात, खांदे, पाय आणि सुरी जणू एका तालात चालतात. सरदार त्याच्या कौशल्याचे कौतुक करतो. डिंग सांगतो की सुरुवातीला त्याला समोर अख्खा बैल दिसत असे. तीन वर्षांनंतर तो अख्खा दिसेनासा झाला आणि सांधे व पोकळ्या दिसू लागल्या. साधारण खाटीक हाडावर घाव घालतो, म्हणून त्याला महिन्याला सुरी बदलावी लागते. चांगला खाटीक मांस कापतो आणि वर्षाला बदलतो. डिंगची सुरी एकोणीस वर्षे चालली, तरी तिची धार नुकतीच लावल्यासारखी होती. कारण ती फक्त मोकळ्या जागेतून फिरत होती.

ही कथा सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात, आणि मग वू वेइ म्हणजे सहज, झऱ्यासारखे वाहणे, अशी समजूत होते. परंतु डिंग पुढे आणखी एक गोष्ट सांगतो. अवघड सांधा आला की तो सावध होतो, नजर तिथेच खिळवतो, हालचाल मंद करतो आणि सुरी अगदी थोडी हलवतो. सहजता ही सगळीकडे सारखी नसते, हे त्या वाक्यातून उमगते. सरळ पेरात हात मोकळा सोडायचा आणि गाठीपाशी थांबायचे. बाबाजींचा कोयता हेच करत होता. मी मात्र उलट केले होते. जिथे काहीच करायची गरज नव्हती, तिथे ठोकत राहिलो आणि जिथे थांबून पाहायला हवे होते, तिथेही ठोकतच राहिलो.

बांबू फाडण्याचा हा अनुभव चिनी भाषेतही रुजलेला आहे. तिसऱ्या शतकातील दू यू या सेनापतीने विजयी मोहिमेची तुलना बांबू फाडण्याशी केली होती: पहिली काही पेरे फाटली की पुढची पात्याचा स्पर्श होताच उघडतात. त्यावरून तिथे एक वाक्प्रचार रूढ झाला. सेनापतीला त्यात वेग दिसला; मला मात्र ती पहिली काही पेरे महत्त्वाची वाटतात. सुरुवात मध्यावर झाली नाही, तर पुढचा वेग बांबू बिघडवण्याच्याच कामी येतो.

याचा उपयोग मला माझ्या कामात झाला. मी प्रौढ विद्यार्थ्यांना मराठी शिकवतो. दिवसभर दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करून रात्री अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी माझ्या वर्गात होती. तिच्या पहिल्या निबंधावर मी लाल शाईने एकूण एक चूक दाखवली. आमच्या झाडीपट्टीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ बोलला जातो. तिचे लेखनही तसेच होते. पान लाल झाले. ती पुढच्या दोन तासिकांना आली नाही. तिसऱ्या वेळी आली, ती शिक्षण सोडत असल्याचे सांगायला.

मी तिला बसवले आणि तो निबंध पुन्हा वाचला, या वेळी पेन न घेता. तेव्हा ध्यानात आले की तिची छोटी वाक्ये सरळ आणि जिवंत होती. वाक्य एकाच ठिकाणी मोडत होते: एका घटनेचा दुसरीशी संबंध जोडायचा असला की. एक वाक्य असे होते: ‘ज्या वर्षी मामा तलाव भरला नाही आम्ही पऱ्हे टाकले पण रोवनी उशिरा आणि बाबा मजुरीला बाहेर.’ माझ्या लाल शाईने त्यातला ‘रोवनी’ शब्द दुरुस्त केला होता आणि खरी गाठ तशीच सोडली होती.

मी फक्त विचारले, “त्या वर्षी काय झालं?”

ती म्हणाली, “त्या वर्षी रोवणी उशिरा झाली, म्हणून बाबा मजुरीला बाहेर गेले.”

ती जे बोलली, तेच तिने लिहिले. ‘ज्या वर्षी’ला ‘त्या वर्षी’ मिळाले, ‘आणि’च्या जागी ‘म्हणून’ आले आणि क्रियापदे आपल्या जागी बसली. त्याच पानावर अशीच मोडलेली आणखी चार वाक्ये होती; ती तिने माझ्या मदतीशिवाय जोडली. ‘ण’ आणि ‘न’ आम्ही नंतर, वेगळ्या दिवशी पाहिले. ती बांबूची सालपट्टी होती, फाडण्याची जागा नव्हती.

या विचाराची मर्यादाही मला बाबाजींकडेच दिसली. कोवळ्या बांबूची पट्टी वाळल्यावर आकसते आणि सूप सैल पडते. फार जुना वाळलेला बांबू वाकण्याऐवजी मोडतो. हात कितीही सहज असला, तरी चांगला हिरवा बांबू मिळाला नाही तर तो रिकामाच राहतो. आणि बांबू मिळणे हे कौशल्यावर अवलंबून नव्हते. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे गवत. तरी 1927 च्या भारतीय वन कायद्याने त्याची गणना झाडांत केली. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज मानले. तरीही गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक यायला 27 एप्रिल 2011 उजाडावे लागले. तो हक्क स्वस्थ बसून आलेला नाही. त्यासाठी लोकांना दीर्घकाळ बोलावे, लिहावे आणि अडून बसावे लागले. माझ्या विद्यार्थिनीचेही तसेच. तिची वाक्ये जुळली, पण दिवसभराच्या रोवणीनंतर उरणारा थकवा कोणत्याही सहजतेने नाहीसा होत नाही. तिला झोपेची आणि वेळेची गरज होती, आणि त्यासाठी मला तिच्या स्वाध्यायाची मुदत वाढवून मागावी लागली.

म्हणून आता काम अडले की मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. मी ठोकतो आहे ती जागा पेर आहे की गाठ? आणि हा बांबूच फाडण्याजोगा आहे का? पहिल्याचे उत्तर माझ्या हातात असते. दुसऱ्यासाठी कधीकधी कोयता खाली ठेवून उठावे लागते.

ते सूप मला आठ दिवसांनी मिळाले. त्याच्या एका कडेची पट्टी इतरांपेक्षा थोडी जाड होती. मी विचारल्यावर बाबाजी हसले. मी फाडलेल्या बांबूतला जो भाग वाचला, तो त्यांनी तिथे विणला होता.