मॅनेजरसाहेबांचं चार मिनिटांचं भाषण

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना एक जुना हिरव्या पट्ट्यांचा कागद हाती लागला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा, दोन्ही कडांना भोकं असलेला. तो पाहिला आणि हुमनाबाद शाखेतली 1997 सालची एक संध्याकाळ आठवली. बँकेचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.

हुमनाबाद म्हणजे पुणे-हैदराबाद रस्त्यावरचं गाव. 1956 नंतर कर्नाटकात, तरी आमच्या काउंटरवर मराठी, कन्नड आणि दख्खनी हिंदी अशा तिन्ही भाषा एकाच दमात चालायच्या. मी तेव्हा तिथे अधिकारी होतो. आमचे मॅनेजरसाहेब धारवाडकडचे, त्यांच्या मराठीला कन्नड हेल होता.

बँकांत संगणक आणावा असं डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने 1984 मध्येच सांगितलं होतं. या विषयावर 1983 आणि 1993 साली बँका आणि संघटनांचे करारही झाले होते. पण आमच्यासारख्या शाखेत यंत्र प्रत्यक्ष यायला इतकी वर्षं गेली. आलं तेव्हा वरून फर्मान होतं की रोज संध्याकाळी दिवसाचे रिपोर्ट यंत्रानेच काढायचे. दिवसभराची व्यवहार यादी, डे-बुक, जनरल लेजर आणि अपवादांची यादी, म्हणजे उणे शिल्लक, मोठ्या रकमा, बरेच दिवस बंद असलेल्या खात्यांतले व्यवहार.

स्टाफ नाराज होता. सगळ्यांत जास्त आमचे हेड कॅशियर, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे. तीस वर्षं लेजर लिहिलेला माणूस, अक्षर मोत्यासारखं. "बेरीज यंत्र करणार, मग आम्ही काय फक्त कागद फाडायचे?" असं ते उघड म्हणायचे. दुसरी भीती कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात होती. आता प्रत्येक नोंदीवर कुणाचा हात लागला ते छापून येणार.

एका शनिवारी, कॅश बंद झाल्यावर साहेबांनी सगळ्यांना कॅश केबिनसमोर बोलावलं. चहा आला. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "मागच्या महिन्याचं बॅलन्सिंग आठवतं ना?"

आठवत होतंच. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सेव्हिंगच्या एका लेजरमधल्या सगळ्या खात्यांच्या शिल्लका मिळवायच्या आणि ती बेरीज जनरल लेजरमधल्या आकड्याशी जुळवायची. त्या महिन्यात 900 रुपयांचा फरक आला होता. अकरा रात्री आम्ही शोधत होतो. शेवटी अण्णा म्हणाले, "नवाने भाग जातोय, कुठेतरी आकडे उलटे झालेत." तसंच निघालं. शिल्लक 5,400 होती, पुढच्या पानावर नेताना 4,500 लिहिली गेली. आकडे असे उलटसुलट झाले की फरकाला नऊने भाग जातो. ही जुन्या हिशेबनिसांची खूण.

साहेब म्हणाले, "चूक होती एका दिवसाची. आपण शोधली महिनाभराच्या कागदांत. रोज संध्याकाळी रिपोर्ट निघाला की चूक त्या दिवसाच्या व्हाऊचरमध्येच असणार. दीडशे कागद, तीस दिवसांचे नाहीत. मला यंत्राकडून एवढंच हवंय."

मग त्यांनी एक कागद वर धरला. "आता यंत्र काय करणार नाही ते ऐका. बेरीज ते चुकणार नाही. पण तुम्ही एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात टाकले, तर तीही बेरीज तितकीच बरोबर येईल. यंत्राला व्हाऊचर दिसत नाही. ते तुम्हाला दिसतं. म्हणून यादीतल्या प्रत्येक ओळीला व्हाऊचरशी मिळवून खूण केल्याशिवाय कुणीही सही करायची नाही. मीसुद्धा."

अण्णांनी विचारलं, "साहेब, आणि चूक सापडली, तर कुणाची ते हेड ऑफिसला जाणार?"

साहेब क्षणभर थांबले. "त्याच दिवशी सापडली, तर दुरुस्त होईल आणि शाखेतच राहील. महिन्याने सापडली, तर माझ्याही हातात राहणार नाही. आणि अण्णा, तीन महिने हातचं लेजरही चालू राहील. दोन्ही जुळली तरच वही बंद. तुमचं लेजर यंत्राला तपासेल."

एवढंच भाषण. चार मिनिटं झाली असतील. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पण अण्णांनी कप खाली ठेवला आणि "बघू" म्हणाले. अण्णांचं "बघू" म्हणजे बरंच काही होतं.

आता माझी गोष्ट. ती सांगायला आजही बरं वाटत नाही. सुरू होऊन दुसराच आठवडा असेल. उन्हाळ्याचे दिवस, दुपारभर लाइट गेली होती आणि काम संध्याकाळवर आलं. डे-एंड व्हायला साडेसात वाजले. नावे आणि जमा पैशापर्यंत जुळलं. मला बीदरची बस गाठायची होती. यादी चाळली, खुणा न करता सही केली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला शाखेत पोचलो, तर अण्णा माझ्या टेबलाशी उभे. हातात कालची यादी, कालचा गठ्ठा आणि त्यांचं लेजर. एका शेतकऱ्याच्या उसाच्या बिलाचे 8,640 रुपये खातं नंबर 1127 मध्ये जमा व्हायचे होते. यादीत 1172 छापलं होतं आणि शेजारी नाव भलत्याचंच. खात्याच्या नंबरातले दोन आकडे उलटले होते. पण या वेळी नवाची खूण कामाची नव्हती, कारण फरकच नव्हता. दोन्ही खाती एकाच लेजरमधली. बेरीज बरोबर, जनरल लेजर बरोबर, अपवादांच्या यादीतही काही नाही. यंत्राच्या दृष्टीने दिवस स्वच्छ होता.

अण्णा फक्त एवढंच म्हणाले, "दोघंही बाजाराला येणारी माणसं आहेत साहेब. कॅश उघडायला एक तास आहे."

खोडाखोड करता येत नाही. मी उलट व्हाऊचर केलं, 1172 ला नावे, 1127 ला जमा, कारण लिहिलं, माझी सही, मॅनेजरची सही. साडेदहाला कॅश उघडायच्या आत शिल्लक जागेवर आली. त्या दुसऱ्या गृहस्थांनी सकाळी पैसे काढून नेले असते, तर परत मागायला कुणाच्या दारात जावं लागलं असतं आणि तो शेतकरी काउंटरवर उभा राहून काय बोलला असता, ते मला ठाऊक होतं.

साहेबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. माझी बिनखुणांची यादी माझ्यासमोर ठेवली, लाल पेन दिलं आणि म्हणाले, "आता करा." एकशे चाळीसच्या वर ओळी होत्या. नंबर, नाव, रक्कम, असं बघत प्रत्येक ओळीला खूण केली. पाऊण तास लागला.

तीन महिन्यांनी हातचं लेजर बंद झालं. शेवटच्या पानाखाली अण्णांनी दोन रेघा मारल्या, तारीख घातली आणि वही बांधून रेकॉर्ड रूममध्ये ठेवली. त्यानंतर रोज संध्याकाळी यादी फाडून आधी तेच घ्यायचे. म्हणायचे, "द्या, त्याचं व्हाऊचर बघतो."

कपाटात सापडलेला कागद म्हणजे तीच यादी, लाल खुणांची. नंतर तिची दुसरी प्रत काढून फाइलला लावली आणि ही मी ठेवून घेतली. आजही पासबुक भरून आणलं की पेन्सिल घेऊन बसतो. मुलगा हसतो, "बाबा, बेरीज बरोबरच असते." बेरीज मी बघतच नाही, नाव बघतो.

तुमच्यापैकी कुणी त्या काळात सीमाभागातल्या शाखांत होतं का? तुमच्याकडे पहिल्या दिवशी काय झालं, जरूर लिहा.