जुळलेला ताळेबंद

राहुरी तालुक्यातील एका जुन्या न्यासाचे दप्तर 2023 च्या उन्हाळ्यात आमच्यापुढे आले. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला आकड्यांवाचून करमत नाही, असा लोकांचा समज असतो. तो अगदीच खोटा नाही. सनदी लेखापालांकडे वह्या जाण्यापूर्वी त्या एकदा डोळ्यांखालून घालाव्यात, एवढीच फादरांची विनंती होती.

आम्ही कीर्दीच्या आधी न्यासपत्र मागितले. पिवळ्या पडलेल्या त्या कागदात उद्देश दोनच होते: धर्मग्रामातील मुलामुलींचे शिक्षण आणि त्यांचे वसतिगृह. मग देणगीदारांची पत्रे मागितली. ती फाईल सापडावयास दोन दिवस लागले. त्यात 2011 सालचे एक पत्र होते. आखातात परिचारिका म्हणून राबलेल्या एका बाईंनी 3,00,000 रुपये पाठविले होते. मुद्दल कायम ठेवावे आणि केवळ व्याजातून मुलींच्या परिचारिका-शिक्षणास साह्य करावे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते.

देणगीपेटीतील निनावी पैशावर अशी अट क्वचितच असते. पण कोणी निनावी पाकिटावर ‘शाळेसाठी’ असे लिहिले, की कायद्याच्या दृष्टीने तो पैसा निराळा होतो. पुढे 2024 च्या ऑक्टोबरात आपल्याच जिल्ह्यातील शिर्डीच्या साईबाबा संस्थानासंबंधी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा हे आम्हांस पुन्हा आठवले. संस्थान केवळ धर्मादाय आहे, म्हणून दानपेटीतील निनावी रकमांवर कर लागतो, असे आयकर खात्याचे म्हणणे होते. संस्थान धार्मिक आणि धर्मादाय असे दोन्ही आहे, असे न्यायालयाने मान्य केले आणि कर टळला. मात्र 1961 च्या आयकर कायद्यातील ही सवलत, संस्थेच्या शाळेसाठी वा इस्पितळासाठी म्हणून निनावी दिलेल्या देणगीला नव्हती.

आता आमच्या दप्तराकडे वळू. ताळेबंदाच्या डाव्या बाजूस ‘परिचारिका शिक्षण निधी 3,00,000’ ही ओळ दर वर्षी न चुकता उभी होती. परंतु डावी बाजू केवळ सांगते, की हा पैसा कोणासाठी राखलेला आहे. तो प्रत्यक्ष कोठे आहे, हे उजव्या बाजूस पाहावे लागते. आम्ही या निधीची ठेवपावती मागितली. ती निघाली 1,16,000 रुपयांची.

जून 2019 मध्ये मूळ ठेव मोडली होती. त्यातील 1,84,000 रुपये वसतिगृहाच्या छतावर खर्च झाले आणि ते ‘इमारत’ या सदरात चढविले गेले. ठेव जेवढी घटली, तेवढीच इमारत वाढली. बेरीज पैशापर्यंत जुळली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खालील लेखापरीक्षा अहवालात, निधी न्यासाच्या उद्देशाबाहेर वापरला गेला काय, असा स्वतंत्र प्रश्न असतो. त्यासमोर ‘नाही’ असे उत्तर होते, आणि ते खोटेही नव्हते. वसतिगृह तर न्यासपत्रातच आहे. न्यासपत्र हे बाहेरचे कुंपण, बाईंचे पत्र हे आतले. आतल्या कुंपणाकडे कोणी पाहिलेच नव्हते.

व्याजाचीही तीच कथा. ठेव मोडेपर्यंत 1,68,000 रुपये व्याज आले होते आणि दोन मुलींना मिळून 96,000 दिले गेले होते. उरलेले 72,000 निधीतच राहावयास हवे होते. ते सर्वसाधारण उत्पन्नात मिसळून वीजबिलांत आणि पगारांत विरून गेले.

त्याच फाईलीत 2020 चा एक अर्ज टाचलेला होता. परिचारिका विद्यालयात प्रवेश मिळालेल्या एका मुलीने साह्य मागितले होते. वर शेरा होता: ‘निधी शिल्लक नाही.’

जुने खजिनदार आता थकले आहेत. आम्ही त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. ते म्हणाले, “पावसाळा तोंडावर होता, बाबा. पोरांच्या अंथरुणावर पाणी गळत होतं. मी एक पैसा घरी नेला नाही.” त्यांचा शब्द आम्हांस खरा वाटला; प्रत्येक खिळ्याची पावती होती. त्यांनी विश्वस्तांचा ठराव करून ती रक्कम निधीकडून उसनी म्हणून दाखविली असती आणि बाईंची लेखी संमती घेतली असती, तर आम्हांस बोलण्यास जागा उरली नसती.

विश्वस्तांनी अखेर ठराव केला. सर्वसाधारण देणग्यांतून दर वर्षी 46,000 प्रमाणे चार वर्षांत 1,84,000 परत भरावयाचे आणि 72,000 तत्काळ निधीत वळवावयाचे. मोडलेल्या ठेवीचे बुडालेले व्याज कोणी भरावे, यावर मात्र एकमत झाले नाही. आमच्या मते तेही न्यासानेच भरावयास हवे.

बाईंना सर्व हकिकत पत्राने कळविली. त्या रागावतील, अशी विश्वस्तांना धास्ती होती. त्यांच्या उत्तरात पैशाविषयी एक अक्षर नव्हते. त्या अर्ज करणाऱ्या मुलीचे पुढे काय झाले, एवढेच त्यांनी विचारले होते.

आम्ही चौकशी केली. ती पुण्याला एका कपड्यांच्या दुकानात कामाला आहे.