अवतरणाची हद्द

शाळेतील निबंधवह्यांत विरामचिन्हांच्या चुका नाना प्रकारच्या आढळतात. परंतु अकोटसारख्या कापसाच्या गावी मराठी शिकवीत असता मला सर्वांत विचारणीय वाटत आलेली चूक म्हणजे, कोणाचे बोलणे कोठे आरंभते आणि कोठे संपते याची हद्द न आखणे. स्वल्पविराम चुकला तर वाचक क्षणभर अडखळतो. अवतरणचिन्ह चुकले तर एकाचे विधान दुसऱ्याच्या नावावर चढते.

जुन्या मोडी कागदांत ही चिन्हे नव्हती, तरी कारकुनाचे काम अडत नसे. कारण दुसऱ्याचा मजकूर संपला, की ‘म्हणोन’, ‘ऐसे’ हे शब्द येऊन तो बंद करीत. पुढे मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीच्या धर्तीवर विरामचिन्हे मराठीत रूढ केली आणि १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका लिहिली. तेव्हापासून जे काम शब्द करीत ते बहुतांशी चिन्हांकडे आले.

मी फळ्यावर चिन्हांवाचून एक ओळ लिहितो: शेतकरी म्हणाला कापूस आज विकायचा नाही भाव उद्या चढेल अडत्या म्हणाला थांबा. आता भाव चढेल हे भाकीत कोणाचे? एक वाचन असे:

शेतकरी म्हणाला, “कापूस आज विकायचा नाही. भाव उद्या चढेल.” अडत्या म्हणाला, “थांबा.”

दुसरे असे:

शेतकरी म्हणाला, “कापूस आज विकायचा नाही?” “भाव उद्या चढेल,” अडत्या म्हणाला, “थांबा.”

शब्द एकही बदलला नाही. पण पहिल्यात शेतकऱ्याचा निश्चय आहे, दुसऱ्यात त्याची शंका आणि अडत्याचा सल्ला. ‘का’ नसलेला प्रश्न आपण केवळ स्वराने विचारतो, म्हणून कागदावर तो स्वर प्रश्नचिन्हालाच वाहावा लागतो.

ते चिन्ह अवतरणाच्या आत की बाहेर, हे प्रश्न कोणाचा यावर ठरते. “तू कधी आलास?” असे आईने विचारले, येथे प्रश्न आईचा, म्हणून चिन्ह आत. तू “मी येणार नाही” असे म्हणालास का? येथे प्रश्न लेखकाचा, म्हणून बाहेर. आणि ‘तो कोठे गेला हे मला ठाऊक नाही.’ या वाक्यात ‘कोठे’ असूनही कोणी काही विचारीत नाही, सबब पूर्णविरामच योग्य. उद्गारचिन्हासही हाच न्याय: “अरेरे! बोंडे भिजली,” असे आजोबा म्हणाले, तर उद्गार आजोबांचा आणि चिन्हही त्यांच्याच शब्दांपाशी, एकच.

मराठीत सावधगिरीचे आणखी एक कारण आहे. ‘बाबा म्हणाले, की मी उद्या येईन’ या वाक्यातला ‘मी’ बाबाही असू शकतात आणि सांगणारा मुलगाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, की दुहेरी अवतरणातला भाग वेगळा काढून त्या माणसाच्या तोंडी ठेवून पाहा. बाबा म्हणाले, “ते उद्या येतील,” असे लिहिले, तर बाबा स्वतःविषयी बोलत नसून तिसऱ्याच कोणाविषयी बोलत आहेत, असा अर्थ होतो. तो अभिप्रेत नसेल, तर एक तर चिन्हे काढावीत, नाही तर ‘मी’ परत आणावा.